फोटोतल्या कुंडीतून फक्त जास्वंदीचं फूल (आणि एक पान) वेगळं कसं काढायचं? शाळेच्या तक्त्यासाठी

ओवीची_आई
शनिवार, सकाळी ९:१२

मुलगी सातवीत आहे. शाळेने वनस्पतीचा तक्ता सांगितलाय. एक फूल, एक पान, दोन्ही पांढऱ्या कागदावर, भागांना नावं दिलेली. बाईंनी वहीत लिहून दिलंय, "कुंडी, माती, भिंत दिसता कामा नये." सोमवारी द्यायचाय.

फोटो कणकवलीला सासूबाईंच्या अंगणातल्या जास्वंदीचा आहे, गणपतीच्या सुट्टीत काढलेला. लाल, पाच पाकळ्यांची साधी जास्वंद. आता आम्ही ठाण्यात, त्यामुळे परत फोटो काढणं शक्य नाही. नर्सरीतून फूल आण म्हटलं तर लेक ऐकत नाही. तिला आजीचंच फूल हवंय.

आतापर्यंत केलेले उद्योग: फोनमध्ये फोटोवर बोट दाबून धरलं, तर अख्खं झाड कुंडीसकट उचललं गेलं. मग फुलापुरता फोटो कापून परत केलं. या वेळी फूल आलं, पण मधली दांडी अर्धीच आली आणि मागचं हिरवं सगळं गेलं. पाकळीच्या खाली कुंडीचा एक तुकडा मात्र इमानदारीत चिकटून आला.

लॅपटॉपवर गिम्प आहे. थोडंफार येतं, म्हणजे फोटो लहानमोठा करण्याइतकं.

---

खटपट्या
शनिवार, ९:४०

दोन मिनिटांचं काम आहे. `Select by Color` घ्यायचं, फुलाच्या लालवर क्लिक करायचं, `Select > Invert`, मग Delete. नाहीतर त्याहून सोपं, `Colors > Color to Alpha`, जो रंग नको तो निवडायचा, गायब. मी ऑफिसचे लोगो असेच काढतो.

---

माळरान
शनिवार, १०:०५

ताई, कुंडीतून रोप काढायचं तर आदल्या दिवशी संध्याकाळी पाणी घाला, म्हणजे मातीचा गोळा सुटतो. मुळं बादलीत हलवून धुवा, नळाखाली धरू नका. मग वर्तमानपत्राच्या घडीत ठेवून वर जाड पुस्तकं. रोज कागद बदलायचा. जास्वंदीच्या पाकळ्या बुळबुळीत असतात, त्या कागदाला चिकटतात, तेव्हा पाकळीवर मऊ मलमलीचा तुकडा ठेवा. आमच्या वेळी कॉलेजात असे शंभर नमुने करून द्यावे लागत.

---

ओवीची_आई
शनिवार, १०:२२

काका, झाड कणकवलीत आणि सासूबाई ते उपटू देणार नाहीत :) मला फोटोतलीच कुंडी काढायची आहे. पण मलमलीची युक्ती लिहून ठेवली.

@खटपट्या, करून पाहिलं. फुलाबरोबर अर्धी कुंडीही निवडली गेली. कुंडी मातीची, गेरू लावलेली आहे.

---

माळरान
शनिवार, १०:३०

अरे, फोटो होय. मग चालू द्या.

---

पानफुटी
शनिवार, ११:१८

लाल फूल, मागे गेरूची कुंडी आणि पाणी घातलेली काळी माती, म्हणजे कापायला जेवढं अवघड करता येईल तेवढं जमून आलंय. तरी होईल. आधी तीन गोष्टी सांगा.

१. तुमच्याकडचा फोटो मूळ आहे की व्हॉट्सॅपवरून आलेला?
२. फूल समोरून दिसतंय की तिरपं? मागचा हिरवा पेला दिसतो का?
३. एखादी पाकळी पानामागे लपलीय का?

मी बरीच वर्षं रानफुलांच्या माहितीपत्रकांसाठी हेच काम करते. आधी बारावीपर्यंत जीवशास्त्र शिकवायचे. त्यामुळे थोडं लांबण लागेल, आधीच सांगून ठेवते.

---

ओवीची_आई
शनिवार, ११:५०

१. नणंदेने काढलेला, व्हॉट्सॅपवर आलेला. १६०० × १२००.
२. तिरपं. पेला दिसतो, देठही थोडा.
३. हो! डावीकडच्या पाकळीचा कोपरा पानाखाली आहे. साधारण पाव पाकळी.

---

पानफुटी
शनिवार, १२:०७

नणंदेला सांगा, तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठव. तोपर्यंत काहीही कापू नका.

कारण सांगते. तुमच्या फोटोत फूल किती पिक्सेल रुंद आहे ते मोजा. गिम्पमध्ये `Measure` हत्यार आहे, या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायचं. माझा अंदाज साडेतीनशेच्या आसपास. छपाईला इंचाला ३०० पिक्सेल धरले तर ते फूल कागदावर जेमतेम ३ सेंटिमीटर होईल. तक्त्यासाठी ताणून मोठं केलंत की मधल्या दांडीवरचे पिवळे ठिपके म्हणजे नुसता पिवळा डाग. बाई "परागकोश दाखवा" म्हणतील आणि दाखवायला काही उरणार नाही.

---

ओवीची_आई
शनिवार, दुपारी १:३५

मोजलं, ३६० निघालं! नणंदेने मूळ पाठवला. ४०००× ३०००, त्यात फूल ९०० रुंद आहे. पानही आता नीट दिसतंय, कडेचे दाते सुद्धा. आधीच्या फोटोत ते दिसतच नव्हते, मला वाटलं पान गुळगुळीतच आहे.

---

पानफुटी
शनिवार, २:२०

छान. ९०० म्हणजे साडेसात सेंटिमीटरपर्यंत बिनदिक्कत छापता येईल.

आता कापण्याआधी काय *ठेवायचं* ते ठरवू. फोनने तुमचा पेला का उडवला? त्याच्या लेखी फूल म्हणजे लाल, हिरवं म्हणजे मागचा पाला. तक्त्यात मात्र तो पेला म्हणजे निदलपुंज, त्याला नाव द्यायचंय. जास्वंदीत त्याच्याही खाली बारीक हिरव्या पट्ट्यांचं आणखी एक कडं असतं, तेही ठेवा. ओवीने त्या कड्यालाच निदलपुंज म्हटलं तर चुकेल, कारण निदलं त्याच्या वरची. खाली देठ साधारण एक सेंटिमीटर ठेवून आडवा सरळ कापा. देठाचं टोक झिजल्यासारखं निमुळतं सोडलं तर फूल तिथंच संपतं असं वाटतं.

मधल्या दांडीचं टोकही नीट बघा. जास्वंदीत पुंकेसर जुळून एक नळी झालेली असते, पिवळे परागकोश तिच्या वरच्या भागावर. नळीच्या आतून कुक्षीवृंत जातो आणि टोकाला पाच फाटे, प्रत्येकावर मखमली लाल गोंडा. हे पाच गोंडे मोजून पाच आले पाहिजेत. फोनने दांडी अर्धी खाल्ली असेल तर नेमके हेच गेले असणार.

आता कापणं. पाकळ्या, पेला आणि दांडी, तिघांना एकच हत्यार चालत नाही. माझी पद्धत अशी:

पाकळ्या. `Free Select` ने फुलाभोवती बोटभर अंतर ठेवून ढोबळ कुंपण घाला. मग `Fuzzy Select` घ्या. त्याच्या पर्यायांत Mode मध्ये शेवटचं चित्र, म्हणजे सध्याच्या निवडीशी छेद घेणारं. खाली `Select by` मध्ये Composite असतं, तिथे Green करा. खटपट्यांचं जे फसलं ते इथे सुटतं. लाल पाकळी आणि गेरू, दोघांत लाल भरपूर, म्हणून एकूण रंगाने ते भाऊ-भाऊ दिसतात. पण गेरूत हिरव्याचा अंश बऱ्यापैकी असतो, लाल जास्वंदीत जवळजवळ नसतो. Threshold ३०च्या आसपास ठेवून पाकळीवर क्लिक करा. कुंडी बाजूला पडेल.

ओली माती पडणार नाही, कारण काळ्यात कुठलाच रंग नसतो, हिरवाही नाही. त्यामुळे जिथे पाकळीच्या मागे माती आहे तिथून निवड खाली ओघळेल. ते आत्ता सोडून द्या. पाकळीवर जिथे ऊन चमकलंय तिथे भोकंही पडतील. उरलेल्या पाकळ्या Mode बदलून बेरजेने घ्या, मग `Select > Remove Holes`.

आता `Shift+Q` दाबा. निवडीबाहेरचा भाग रंगीत पडद्याआड जातो. हा पडदा मुळात लाल असतो, आणि आपलं फूल लाल! काही म्हणजे काही दिसणार नाही. खाली डाव्या कोपऱ्यातल्या चौकोनावर उजवं क्लिक करून `Configure Color and Opacity` मधून तो निळा करा. मग कडक कडेचा ब्रश, पांढऱ्याने रंगवलं की निवडीत येतं, काळ्याने जातं. मातीत ओघळलेला भाग २०० टक्के मोठं करून इथे हाताने कापा. यात अर्धा तास जातो, त्याला इलाज नाही. परत `Shift+Q`.

मग `Select > Shrink`, १ पिक्सेल. पाकळीच्या कडेच्या शेवटच्या पिक्सेलमध्ये मातीचा रंग मिसळलेला असतो, तो यात जातो.

पेला आणि देठ. मागे पानं आहेत, हिरव्यावर हिरवं, इथे रंगाचा उपयोग शून्य. `Paths` हत्याराने बिंदू टाकत बाह्यरेषा काढा, Ctrl धरून पहिल्या बिंदूवर क्लिक केलं की बंद होते. मग Shift धरून Enter, म्हणजे आधीच्या निवडीत बेरीज होईल. नुसतं Enter दाबलंत तर पाकळ्यांची निवड उडेल. (Ctrl+Z आहेच.)

दांडी सगळ्यात शेवटी, आणि Shrink *नंतरच*. परागकोशाचा तंतू तुमच्या फोटोत दोन-तीन पिक्सेल जाड असेल. आधी दांडी निवडून मग १ पिक्सेल आत घेतलात तर दोन्ही बाजूंनी एकेक जाऊन तंतू संपला. नळी Paths ने, परागकोश परत `Shift+Q` मध्ये पाच-सहा पिक्सेलच्या ब्रशने एकेक ठिपका देत.

शेवटी `Layer > Mask > Add Layer Mask`, त्यात Selection. Delete दाबू नका. मास्क असला की चुकलेलं परत आणता येतं.

Feather १ च्या वर नाही.

---

खटपट्या
शनिवार, ३:०२

बाप रे. Green वालं माहीत नव्हतं, वाचनखूण साठवली.

पण Color to Alpha ला एवढं वाईट ठरवू नका. मी आत्ता बायकोच्या झेंडूवर करून पाहिलं, मागे पांढरा कागद धरून फोटो काढला होता. एका झटक्यात पांढरं गेलं, कड एकदम मऊ आणि सुंदर. ब्रश नाही की काही नाही.

---

पानफुटी
शनिवार, ३:२६

मागे पांढरा कागद धरलात ते शंभर टक्के बरोबर. फूल झाडावर असतानाच मागे कागद धरला तर या धाग्याची गरजच पडत नाही. सावलीत काढायचं, आणि पांढऱ्या फुलामागे (तगर, मोगरा, अनंत) काळा किंवा गडद निळा कागद.

पण तुमच्या झेंडूखाली आता एक काळा थर टाकून बघा.

---

खटपट्या
शनिवार, ३:४१

हं. झेंडू भूत झालाय. पाकळ्यांमधून काळं दिसतंय, जिथे ऊन होतं तिथे जास्त.

---

पानफुटी
शनिवार, ३:४८

तेच. ते हत्यार पांढरा *कागद* काढत नाही, प्रत्येक पिक्सेलमधला पांढऱ्याचा वाटा काढतं. पाकळीवरची चकाकी त्यात अर्धी पारदर्शक होते. पांढऱ्या कागदावर छापलं तर कळणारही नाही, म्हणून तुम्हाला सुंदर वाटलं. मुलांनी पिवळ्या किंवा निळ्या कार्डशीटवर चिकटवायला छापलं की रंग मारलेला दिसतो. लोगो सपाट रंगाचा असतो, म्हणून तिथे चालतं.

---

बाल्कनीवाली
शनिवार, संध्याकाळी ५:१५

माझी पण कथा ऐका. मागच्या वर्षी मुलाला पान द्यायचं होतं, आमच्या कुंडीतला कढीपत्ता. दोन तास बसून एक पान इतकं सुबक कापलं, माती नाही, कुंडी नाही, कड सुरेख. खाली लिहिलं "कढीपत्ता, साधे पान". बाईंनी लाल पेनाने फुली मारली. मी भांडायला जाणार होते. कापलंय तर नीट, चूक काय?

---

पानफुटी
शनिवार, ५:५०

:) कापलंत ते पान नव्हतं, पर्णिका होती. कढीपत्त्याचं पान म्हणजे आपण फोडणीत टाकताना ज्या काडीवरून ओरबाडतो ती अख्खी काडी, सगळ्या पर्णिकांसकट.

फोटोतच ओळखायची खूण: पान जिथे फांदीला जोडलेलं असतं, त्या बेचक्यात बारीक कळी असते. पर्णिका जिथे मधल्या काडीला जोडलेली असते तिथे नसते. म्हणजे कात्री फांदीपाशी चालवायची. कडुनिंब, शेवगा, चिंच, गुलाब, सगळीकडे हाच घोळ होतो. गुलाबाचं एक "पान" म्हणून जे कापतात ती बहुतेक वेळा टोकाची पर्णिका असते.

अख्खं संयुक्त पान कापताना पर्णिकांच्या फटींतून माती दिसते, तिथे मात्र खटपट्यांचं `Select by Color` कामी येतं. हिरवं आणि कोरडी माती लांबलांबचे रंग आहेत.

---

बाल्कनीवाली
शनिवार, ६:०४

म्हणजे बाई बरोबर होत्या. बरं झालं भांडले नाही. पण निदान कापण्याचे दोन गुण द्यायला हरकत नव्हती!

---

ओवीची_आई
शनिवार, रात्री १०:४५

अहवाल. पाकळ्या झाल्या. Green ने खरंच कुंडी आपोआप बाजूला पडली, मी आणि ओवी दोघी ओरडलो. पडद्याचा रंग बदलायचा विसरले आणि दहा मिनिटं "हे चालत का नाही" करत बसले. पाच गोंडे मोजले, पाच आहेत. परागकोश ओवीनेच एकेक ठिपका देऊन केले, तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे.

अडचणी तीन.

एक, पांढरा थर खाली टाकल्यावर खालच्या दोन पाकळ्यांना काळा दोरा गुंडाळल्यासारखा दिसतोय. Shrink केलं होतं.

दोन, पान. ते मी पटकन `Free Select` ने कापलं आणि कड खडबडीत वाटली म्हणून Feather १० दिलं. आता एकदम गुळगुळीत दिसतंय, पण ओवी म्हणते, "आई, दाते कुठे गेले?"

तीन, ती पानाखालची पाकळी. पान काढलं तर तिथे पाव पाकळीचा खड्डा.

---

पानफुटी
शनिवार, ११:२०

दोरा: त्या दोन पाकळ्यांची कड तुम्ही ब्रशने हाताने आखलीत ना, मातीच्या बाजूला? हात थोडा बाहेर गेलाय. मास्कवर काळ्या ब्रशने तेवढ्याच कडेवरून एकदा फिरा, दोन पिक्सेल आत. सगळ्या फुलाला परत Shrink लावू नका, तंतू जातील. पांढऱ्याऐवजी खाली झगझगीत जांभळा थर टाकून तपासा. मातीचा काळा आणि वरच्या बाजूला राहिलेला पानाचा हिरवा, दोन्ही त्यावर लगेच दिसतात.

पान: ओवी बरोबर आहे. दहा पिक्सेलचं Feather म्हणजे दात्यांना रंधा मारणं. Paths ने परत कापा. जास्वंदीच्या पानाला देठाकडच्या भागात दाते जवळजवळ नसतात, ते टोकाकडच्या भागात. तिथे प्रत्येक दात्याच्या टोकावर एक बिंदू आणि खाचेत एक, मध्ये रेषा सरळ. तक्त्यात "कडा दंतुर" लिहायचं तर दाते दिसायला हवेत.

पाकळीचं उद्या बोलू.

---

तिरकस
रविवार, सकाळी ७:३०

पाकळीचं काय एवढं. उजवीकडची पाकळी कॉपी करायची, आडवी उलटवायची (Flip), डावीकडे लावायची. आरशातली प्रतिमा. पाच मिनिटं.

---

पानफुटी
रविवार, ८:१०

उलटवून मात्र नाही! जास्वंदीच्या पाकळ्या पिळवटलेल्या बसतात. प्रत्येक पाकळीची एक कड शेजारणीच्या वर आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीच्या खाली, पाचही जणी एकाच दिशेने. फुलाच्या कळीवर हा पीळ स्पष्ट दिसतो. एक पाकळी आरशासारखी उलटवलीत की तिचा पीळ उलटा. मग तिच्या दोन्ही कडा वर तरी येतात नाहीतर खाली तरी. असं फूल झाडाला येत नाही, आणि वनस्पतीशास्त्राच्या माणसाला ते एका नजरेत खटकतं.

लावायचीच तर फिरवून लावा, पाच पाकळ्या म्हणून ७२ अंशांत. तुमचं फूल तिरपं आहे, त्यामुळे नुसतं फिरवून तंतोतंत बसणार नाही, थोडी दाबावी लागेल. आणि तक्त्यात खाली एक ओळ: "डावी पाकळी जुळवलेली आहे."

---

केळफूल
रविवार, ९:०५

मी शिक्षिका आहे (विज्ञान, पाचवी ते आठवी), म्हणून बोलते. माझं मत पानफुटींपेक्षा वेगळं आहे. जे फोटोत नाही ते लावूच नये, फिरवूनही नाही. नमुना म्हणजे पुरावा. खड्डा तसाच ठेवा आणि पेनाने तुटक रेषेने पाकळीची कड पूर्ण करा. मुलीला कळतं की दिसलेलं कुठपर्यंत आणि मानलेलं कुठून पुढे. माझ्या वर्गात असा तक्ता आला तर मी एक गुण जास्त देईन.

---

पानफुटी
रविवार, ९:३२

तुटक रेष चांगली आहे, मला सुचली नव्हती. पण पाकळी लावूच नये हे पटत नाही. छापील चित्रांत चित्रकार किडीने खाल्लेली पाकळी पूर्ण काढतातच. तेही एका झाडाचं नाही, त्या जातीचं चित्र असतं.

---

केळफूल
रविवार, ९:४०

चित्र काढतोय हे सगळ्यांना दिसतं. फोटोत जोडलेलं दिसत नाही, हाच फरक.

---

तिरकस
रविवार, ९:५१

सातवीच्या तक्त्यावरून केवढं हे. पान राहू द्या की पाकळीवर, तेही जास्वंदीचंच आहे.

---

माळरान
रविवार, १०:१५

मोजमाप कुठे आहे? आमच्या नमुन्यांवर फुलाची रुंदी लिहावी लागे. कुंडी काढलीत म्हणजे मापाला काही उरलं नाही. कुंडीचं तोंड फोटोत होतं, त्यावरून काढता आलं असतं.

---

पानफुटी
रविवार, १०:३०

माप हवं हे काकांचं अगदी बरोबर, ते माझ्याकडून सुटलं होतं. फक्त कुंडीवरून काढू नका. फूल कॅमेऱ्याच्या जवळ होतं आणि कुंडी मागे, त्यामुळे फूल प्रत्यक्षापेक्षा मोठं निघेल. सासूबाईंना फोन करा. जास्वंदीचं फूल एक दिवसाचं, पण आज दुसरं उमललं असेलच.

---

ओवीची_आई
रविवार, दुपारी ४:५०

सासूबाईंनी शिवणाची टेप घेऊन तीन फुलं मोजली. १०, ११ आणि साडेदहा. वर विचारलं, "ठाण्याला जास्वंद नसते काय गो?"

दोरा गेला. जांभळ्या थरावर वरच्या पाकळीलाही हिरवी कड सापडली, पांढऱ्यावर ती अजिबात दिसत नव्हती. पान Paths ने परत केलं, पाऊण तास लागला, दाते आहेत. छापायला नेताना आधी JPEG केलं होतं, त्यात पारदर्शक भाग राहत नाही, म्हणून परत `File > Export As` करून PNG केलं. प्रिंट ७ सेंटिमीटरची घेतली. खाली ओवीने लिहिलंय, "प्रत्यक्ष रुंदी १० ते ११ सें.मी., आजीने मोजलेली."

पाकळीचा निर्णय ओवीने घेतला: खड्डा आणि तुटक रेष. पानफुटीताई, सॉरी. पण फिरवलेली पाकळीही मी एका थरावर लपवून ठेवलीय, बाईंनी मागितली तर.

---

पानफुटी
रविवार, ५:१०

सॉरी कशाला. फक्त तुटक रेषेलाही पीळ योग्य दिशेचा द्या. ती कड शेजारच्या पाकळीच्या वरून जाते की खालून, ते बाकीच्या चार पाकळ्यांवरून बघून काढा.

---

ओवीची_आई
रविवार, ५:२६

खालून काढली होती. वरून हवी होती. खोडते.